बेचाळीस डॉलरचं निब आणि अडलेलं कार्ड

इंदूर

प्रिय मित्रा,

खात्यात पैसे असताना पेनाचं निब मागवताना अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानाने तुझं कार्ड तीनदा नाकारलं, म्हणून तू दुकानावर चिडलायस. पण त्यांना स्वतःला तरी कुठे नीट कळतंय? नकार बहुधा तुझ्या बँकेकडून जातो आणि दुकानाच्या पानावर फक्त 'Your card was declined' उमटतं. खरं कारण बहुतेक वेळा बँकेच्या एसएमएसमध्ये असतं, तो आधी शोध. ओटीपी आला नाही यावरून मात्र काही ठरवू नकोस. परदेशी दुकानं बरेचदा तो मागतच नाहीत.

आता कार्ड पुढून-मागून नीट बघ. 'Valid only in India' असं छापलेलं असेल तर विषयच संपला. ते देशांतर्गत कार्ड आहे, ॲपमध्ये कितीही खटपट केलीस तरी बाहेर चालणार नाही. दांडियाबाजारच्या शाखेत जाऊन आंतरराष्ट्रीय कार्ड माग. नंबर नवा येईल, वार्षिक फी बहुधा जास्त पडेल, ती आधीच विचारून घे.

तसं काही छापलेलं नसेल तर ॲपमधलं परदेशी वापराचं बटण बहुधा बंद असणार. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमाने नवीन कार्ड हाती येतं ते फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपणच सुरू करायचा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या भागात जा, 'International' उघड. बहुतेक जण इथेच फसतात. वरचं मोठं बटण हिरवं करतात आणि बाहेर पडतात, पण त्याच्या खाली एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची वेगळी बटणं असतात, शिवाय प्रत्येकाची मर्यादा वेगळी. ऑनलाइनची मर्यादा शून्य राहिली तर हिरवं बटण नुसतं शोभेचं. एटीएम बंदच राहू दे. ऑनलाइन सुरू कर आणि मर्यादा निब, टपालखर्च आणि वर थोडं, एवढीच ठेव.

किंमत रुपयांत दिसली म्हणून व्यवहार देशी होत नाही बरं का. दुकान बाहेरचं, म्हणून बँक तो परदेशीच धरते.

हिशेब आधीच करून ठेव. तुझ्या बँकेचं विनिमय शुल्क साडेतीन टक्के असेल तर 42 डॉलरवर 1.47 डॉलर, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 26 सेंट. निब पडलं 43.73 डॉलरला. कस्टम लागला तर तो वेगळा.

सगळं नीट लागल्यावर एकदाच प्रयत्न कर. लागोपाठ ठोकत बसलास तर दुकानाची फसवणूक-तपासणीच तुला अडवेल आणि मग बँकेचा काही दोष उरणार नाही. ऑर्डर पक्की झाली, पैसे वळते झालेले दिसले, की बटण परत बंद कर. ओटीपीशिवाय व्यवहार होतो तो चोराचाही होतो.

निब बारीक मागवलंस की मध्यम, तेवढं कळव.

तुझाच,
इंदूरकर