सूचना : आयईएलटीएस परीक्षेचा खर्च मांडताना

परदेशी प्रवेशासाठी आयईएलटीएस देणाऱ्या सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, केवळ परीक्षा शुल्क म्हणजे खर्च असे समजून अंदाजपत्रक करू नये. भारतात हे शुल्क अठरा हजार रुपयांच्या आसपास असून अर्ज करण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर ताजा आकडा पाहावा. सरावाच्या पुस्तकांसाठी दीड हजार आणि महिनाभराच्या शिकवणीसाठी दहा हजार धरल्यास पहिल्या प्रयत्नाचाच खर्च साडेएकोणतीस हजारांवर जातो. पुन्हा बसावे लागल्यास तो साडेसत्तेचाळीस हजार होतो. ही दुसरी रक्कम आधीच बाजूला ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपल्या एका सदस्याला तीन विभागांत सात बँड मिळाले, पण लेखनात साडेसहा हवे असताना सहाच आले. अशा वेळी संगणकावर परीक्षा दिली असेल, तर साठ दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा कमी शुल्कात देता येते. मात्र प्रत्येक विद्यापीठ असा निकाल स्वीकारतेच असे नाही; त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी प्रवेश विभागाकडून ई-मेलवर लेखी होकार घ्यावा. गुणांची फेरतपासणी मागितल्यास गुण बदलले तरच तिचे शुल्क परत मिळते.

निकाल दोन वर्षेच ग्राह्य असल्याने प्रवेशाच्या फार आधी परीक्षा दिल्यास हा सारा खर्च दुसऱ्यांदा करावा लागू शकतो.