छत्रीची गोष्ट, तीन ‘इल’ आणि तुझी माझी जुनी भांडणं

प्रिय नंदे,

मुलांना फ्रेंच शिकवायला लिहिलेली तुझी गोष्ट पावसाळ्याआधी आली आणि उत्तर आत्ता जातंय. शिव्या घालून घे. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. भाचीचं ठरल्याचं कळलं, फार छान, तारीख कळव. आता मुद्द्यावर येते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर वेड्यात काढतील.

फ्रान्सच्या ब्रेस्टमधले मस्यू ल गॉफ छत्री शोधतात आणि शेजारी मस्यू मोरेल मदत करतात. पात्रं छान, गाव तर पावसाचंच. पण पहिल्या तीन वाक्यांत मुलं अडकणार. तू लिहिलंयस: ‘इल प्लो. इल शेर्श सों पाराप्लुई. इल ने पा सू ल ली.’ म्हणजे पाऊस पडतोय, ते आपली छत्री शोधतात, ती पलंगाखाली नाही. पहिला ‘इल’ कुणीच नाही, तो फक्त पाऊस पडण्यापुरता. दुसरा ल गॉफ. तिसरी छत्री. मराठी मूल तिसरं वाक्य वाचून म्हणणार, ‘ते पलंगाखाली नाहीत’, आणि त्याची चूक काढता येणार नाही. आपल्याकडे ‘ते’ आणि ‘ती’ वेगळे पडतात, तिथे दोघांना एकच ‘इल’.

खरी गंमत शेवटी आहे. ‘इल दॉन सों पाराप्लुई आ मस्यू ल गॉफ.’ कुणाची छत्री? मोरेलनी स्वतःची दिली, की ल गॉफांची हरवलेली आणून दिली? मराठीत ‘आपली छत्री’ आणि ‘त्यांची छत्री’ म्हटलं की प्रश्न मिटतो. ‘सों’ला ते जमत नाही. तो फक्त वस्तूचं लिंग सांगतो, मालकाबद्दल गप्प. शेजारी उदार की प्रामाणिक हेच कळत नसेल, तर गोष्टीत उरलं काय?

म्हणून मी हे सुचवते. छत्री हरवणारा माणूस ‘ज’ म्हणजे ‘मी’ करून टाक. शेजारीण बाई कर, मादाम मोरेल, म्हणजे ती ‘एल’. मग ‘इल’ छत्रीसाठी मोकळा राहतो. तरी पावसाच्या वाक्याला लागून तो आणू नकोस. आधी ‘मों पाराप्लुई’, म्हणजे माझी छत्री, हे नाम दोनदा येऊ दे, मग ‘इल’. आणि शेजारीण ‘व्होत्र पाराप्लुई’, म्हणजे तुमची छत्री, म्हणाली की मालक कोण यात शंकाच नाही. शेजारपाजारच्या मोठ्यांत ‘व्हू’च बरं, आपल्या ‘तुम्ही’सारखं.

आता ते जुनं भांडण. तू म्हणायचीस लिंग पाठच करावं लागतं, मी म्हणायचे नियम शोध. छत्रीपुरती तरी मी जिंकले. ‘प्लुई’, म्हणजे पाऊस, स्त्रीलिंगी. आपली छत्रीही स्त्रीलिंगी. त्यामुळे मुलं दोन्ही बाजूंनी ‘ला पाराप्लुई’ या स्त्रीलिंगी रूपाकडे ओढली जातात. पण ‘पारा’ म्हणजे अडवणारा, आणि अशा तऱ्हेने बनलेले शब्द पुल्लिंगी असतात. ‘शूत’, म्हणजे पडणं, स्त्रीलिंगी, तरी ‘पाराशूत’ पुल्लिंगी. या जोड्या फळ्यावर शेजारीशेजारी लिही, सूचना देत बसू नकोस.

(तू मात्र ‘दीमांश’, म्हणजे रविवार, याचं लिंग चुकलीस ते मी विसरलेले नाही.)

छत्री पुल्लिंगी असण्याचा आणखी एक फायदा बघ. ‘मी ती जिन्याच्या चौकात विसरले’ म्हणताना ‘ज ले ऊब्लिए’ लिहावं लागतं, आणि त्यात शेवटी स्त्रीलिंगाची जादा ‘इ’ जोडायची गरज नाही. तुझ्या पहिल्या मसुद्यात किल्ली हरवली होती, किल्ली फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी, तिथे ती ‘इ’ जोडावी लागली असती. उच्चार दोन्हींचा एकच, म्हणून मी देवनागरीत लिहिते तेव्हा फरक दिसतच नाही. मुलांनाही नेमका तो ऐकू येत नाही. तेव्हा किल्ली पुढच्या वर्षी.

शेवट असा कर. रात्री छत्री वाळत घातली होती चौकात, मादाम मोरेलनी ती उचलून आत ठेवली. सकाळी दार वाजवून म्हणतात, ‘व्होत्र पाराप्लुई? इल ए शे म्वा.’ ‘शे म्वा’ म्हणजे ‘माझ्याकडे’, घरी या अर्थानं. मुलांना फारच आवडेल, आणि तिथेच घोळ होईल. पुढच्या आठवड्यात कुणीतरी ‘माझ्याकडे दहा युरो आहेत’ याला ‘शे म्वा’ वापरेल. तिथे ‘जे दीझ युरो’, कारण ती वस्तू आहे तुझी, तुझ्या घरी पडलेली नाही. ती चूक आलीच तर मला कळव, नावासकट.

तुझी,
शमा