विषय : मुदत परस्पर वाढवून हप्त्यातील मुद्दलाचा भाग निम्म्याहून कमी केल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, गृहकर्ज विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी काल झालेल्या बोलण्यानंतर तोंडी विचारणा करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या इंदूर येथील शाखेतून मी ३० लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले. मुदत १५ वर्षे, व्याजदर रेपो दराशी जोडलेला आणि त्या वेळी ७ टक्के, मासिक हप्ता २६,९६५ रुपये. मी राज्य शासनाच्या नोकरीत असून २०३७ च्या आरंभी निवृत्त होणार आहे. शेवटचा हप्ता जानेवारी २०३७ मध्ये पडावा, एवढ्याच हिशेबाने ही मुदत ठरवली होती आणि तसे आपल्या अधिकाऱ्यांना अर्जाच्या वेळीच सांगितले होते. जून २०२४ चा हप्ता कापला गेल्यावर मी कर्जाचा उतारा मागवला, तर त्यात २२७ हप्ते शिल्लक दाखवले आहेत. म्हणजे १५ वर्षांच्या कर्जाचे २९ हप्ते भरून झाल्यावर आता जवळजवळ १९ वर्षे उरली आहेत आणि शेवटचा हप्ता मे २०४३ मध्ये आहे.

याचे कारण विचारण्यासाठी मी फोन केला. आपल्या प्रतिनिधीचे पहिलेच उत्तर होते, "सर, आपकी ईएमआई तो बढ़ी ही नहीं, फिर शिकायत किस बात की?" मी म्हणालो की हप्ता वाढला नाही हीच माझी तक्रार आहे. त्यावर ते काही क्षण गप्प राहिले आणि मग लहान मुलाला समजवावे तशा आवाजात म्हणाले की सुरुवातीच्या वर्षांत बँक व्याज आधी वसूल करते, मुद्दल नंतर फिटते, सगळ्याच कर्जांत असे असते, तुम्ही काळजी करू नका. मी त्यांना उताऱ्यातील दोन ओळी वाचून दाखवल्या आणि पहिल्या हप्त्यात मुद्दलाचे ९,४६५ रुपये होते, ते एकोणतिसाव्या हप्त्यात ४,४७५ कसे झाले, एवढेच विचारले. "वो सिस्टम कैलकुलेट करता है, सर," असे म्हणून त्यांनी आणखी काही मदत हवी आहे का, असे विचारले आणि फोन ठेवला. ३० लाखांच्या कर्जदाराला आपली संस्था हे उत्तर देते, याचे मला अतिशय वाईट वाटले.

बँक व्याज "आधी" वसूल करते, हे विधान मुळात चुकीचे आहे, आणि ते आपल्याच माणसाने करावे हे अधिक गंभीर आहे. त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावर त्या महिन्याचे व्याज लागते, ते हप्त्यातून वजा होते आणि उरलेली रक्कम मुद्दलात जाते. ३० लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याचे व्याज १७,५०० रुपये होते, म्हणून पहिल्या हप्त्यातून ९,४६५ रुपये मुद्दल फिटले. दुसऱ्या महिन्यात मुद्दल तेवढ्याने कमी, म्हणून व्याज ५५ रुपयांनी कमी आणि मुद्दलाचा भाग ५५ रुपयांनी जास्त. दर स्थिर असेल तर मुद्दलाचा भाग दर महिन्याला असा वाढतच जायला हवा. तो घटलेला दिसला, तर व्याजदर वाढला आणि हप्ता तिथेच ठेवला गेला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

माझ्या उताऱ्यात नेमके हेच घडले आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला आणि माझा दर टप्प्याटप्प्याने ९.५० टक्के झाला. दर वाढण्याबद्दल माझी तक्रार नाही; करारात ते मान्य केलेले आहे. परंतु एप्रिल २०२३ मध्ये शिल्लक मुद्दल सुमारे २९ लाख होते आणि त्यावरील महिन्याचे व्याज २२,९५८ रुपये झाले. हप्ता २६,९६५ वरच ठेवल्यामुळे मुद्दलासाठी अवघे ४,००७ रुपये उरले. त्या एका महिन्यात उरलेले हप्ते १६६ असायला हवे होते, ते २४२ झाले. दर आणखी चढून सव्वाअकरा टक्के झाला असता, तर हप्त्यात व्याजदेखील मावले नसते आणि हप्ते भरत असूनही माझे कर्ज वाढत गेले असते. तेव्हाही आपल्या प्रतिनिधीने हप्ता वाढला नाही हेच समाधान दिले असते का?

आजवर मी ७,८१,९८५ रुपये भरले आहेत. त्यांपैकी मुद्दलात १,६३,६४६ रुपये गेले, बाकी सारे व्याज. मुदत मे २०४३ पर्यंत तशीच राहिली आणि दरही हाच राहिला, तर जानेवारी २०३७ ला कर्ज फेडण्याच्या तुलनेत मला सुमारे १२ लाख ४३ हजार रुपये जास्त व्याज भरावे लागेल, आणि त्यातील शेवटची सहा वर्षे निवृत्तिवेतनातून.

हा निर्णय माझा होता, आपला नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, याची निवड कर्जदाराला द्यायची आहे आणि दर तिमाहीला वसूल झालेले मुद्दल, व्याज व उरलेले हप्ते दाखवणारे विवरण पुरवायचे आहे. माझी मुदत वाढली तेव्हा हे परिपत्रक निघालेले नव्हते, याची मला कल्पना आहे. परंतु जुन्या कर्जांनाही ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करून कर्जदारांना त्यांचे पर्याय कळवणे बंधनकारक होते. मला असे कोणतेही पत्र, संदेश वा विवरण मिळालेले नाही. मला कोणी विचारलेच नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. एप्रिल २०२३ मध्ये विचारले असते, तर ३१,४५३ रुपयांच्या हप्त्यात मूळ मुदत टिकली असती. आज त्याच तारखेला कर्ज फेडायचे तर ३२,२६३ रुपये लागतात. दरमहा वाढलेले हे ८१० रुपये आपल्या मौनामुळे आहेत.

जुलैपासून माझा हप्ता ३२,२६३ रुपये करावा, शेवटचा हप्ता जानेवारी २०३७ ला निश्चित करावा आणि या बदलासाठी कोणतेही शुल्क लावू नये. सुधारित परतफेडीचा तक्ता प्रत्येक हप्त्यातील व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवून लेखी पाठवावा. एप्रिल २०२३ मध्ये मुदत वाढवताना माझी संमती घेतल्याची नोंद आपल्याकडे असल्यास तिची प्रत द्यावी, नसल्यास तसे लिहून द्यावे. फोनवरचे उत्तर मी स्वीकारणार नाही.

हे पत्र पोहोचल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे उताऱ्यासह तक्रार दाखल करीन आणि हे कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवण्यासाठी शिल्लक रकमेचे पत्र आपल्या शाखेकडून मागवीन.

आपला,
गृहकर्ज खातेदार,
रामबाग, इंदूर

सोबत : कर्ज उताऱ्याची प्रत, मंजुरीपत्राची प्रत