बाबांनी काळजी करू नये म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कायमच्या करारावर सही केल्याचे आणि बैठकीत वरिष्ठांच्या वेळापत्रकाला हरकत घेतल्याचे मी एकाच फोनवर सांगितले, तेव्हापासून बाबा गप्प आहेत, असे आईने कळवले. तुमच्यापासून आणखी काही वर्षे दूर राहायचे, हे मलाही जड जाते. पण नोकरी जाईल ही भीती मात्र मनातून काढून टाका. पूर्वीच्या करारातलेच काम पुढे चालू असल्याने मला नव्याने चाचणीकाळ नाही, आणि गंभीर गैरवर्तन सोडले तर माझ्या संमतीशिवाय मला काढण्यासाठी नेदरलँड्सच्या कायद्याप्रमाणे सरकारी संस्थेची परवानगी किंवा न्यायालयाचा निर्णय लागतो.

बाबा, तुमच्या कार्यालयात साहेबांपुढे बोलणे म्हणजे काय होते, हे मी घरात पाहिले आहे. येथे आइंडहोव्हनमध्ये ज्याला बैठकीला बोलावले, त्याने मत मांडावे अशीच अपेक्षा असते. नवा माणूस गप्प राहिला, तर त्याला मान्य आहे असे धरतात. आमच्या प्रमुखांनी चाचणी दोन आठवड्यांत संपवायची म्हटले, पण सुटे भाग यायलाच दहा दिवस लागणार होते. म्हणून मी म्हणाले, "हे जमेल असे मला वाटत नाही. तीन आठवडे द्या, किंवा टिकाऊपणाची चाचणी पुढच्या टप्प्यात घ्या." त्यांनी पुरवठादाराचे पत्र वाचले, थोडे प्रश्न विचारले आणि दुसरा पर्याय स्वीकारला. नुसता नकार खपला नसता. त्यासोबत कारण आणि पर्याय लागतो, आणि तोही निर्णय होण्याआधी. एकदा ठरले की मागाहून कुरकुर करणे कोणालाच आवडत नाही. शिवाय मी प्रमुखांना नावाने हाक मारत असले, तरी माझे वार्षिक मूल्यमापन त्याच करतात, याचे भान मला आहे.

आई, "निष्कर्ष नवव्या पानावर आहे, तो पहिल्यावर आण," असे सहकारी सर्वांसमोर म्हणाला, याचे तुला फार लागले. त्याच माणसाने थोड्या वेळाने सगळ्यांबरोबर मलाही कॉफी आणून दिली. काय बदलायचे ते नेमके सांगून माणूस थांबला, तर ती टीका कामापुरतीच समजायची. माझ्या बोलण्याच्या ढबीवर कोणी घसरले, तर ते येथेही गैरच आहे, आणि अशी तक्रार गुप्तपणे ऐकून घेणारी व्यक्ती आमच्याकडे नेमलेली आहे. सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी सुट्टी कशी गेली, पाऊस किती पडला, एवढेच बोलणे होते. तेही आता सहज जमते. दुपारी बाकीचे पाव आणि चीज खातात, पण मी डब्यात पोळी-भाजीच नेते, तेव्हा माझ्या जेवणाची चिंता नको.

सातवीच्या वक्तृत्व स्पर्धेत पाय लटपटत होते, तेव्हा पहिल्या रांगेतून मान हलवत राहिलेले बाबा मला अजून दिसतात. त्यांनी असे गप्प बसू नये.

बाबांनी रक्तदाबाची गोळी न चुकता घ्यायची, आणि आईने गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जाणे आता पुढे ढकलायचे नाही. तपासणीच्या कागदांचे फोटो याच आठवड्यात पाठवा. मी रविवारी सकाळी फोन करीन, तेव्हा बाबांनीच उचलावा.

तुमची,
मनू