‘सोडूनि द्यावें’मधला ‘नि’

पुणे, २० ऑगस्ट

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा खुणांचा कागद मिळाला. मनाच्या श्लोकांतल्या दुसऱ्या श्लोकाच्या तिसऱ्या चरणात वृत्त मोडतं, असं तू लिहिलं आहेस. चरण मोडलेला नाही. तिथे संस्कृतचा एक नियम मराठीला जसाच्या तसा लावला गेला आहे. तुझी खूण कुठे चुकली ते सांगतोच, पण आधी पहिला श्लोक घेऊ, म्हणजे फरक नेमका दिसेल.

मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याच्या प्रत्येक चरणात चार ‘य’ गण येतात. ‘य’ गण म्हणजे लघु, गुरु, गुरु, तोंडाने ‘लगागा’. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या तर एका गणाच्या पाच मात्रा होतात. म्हणजे चरणात १२ अक्षरं आणि २० मात्रा. दोन्ही आकडे तपासायचे, कारण १२ अक्षरं तोटक वृत्तातही असतात. पण तिथे चार ‘स’ गण, म्हणजे ‘ललगा’, असल्याने मात्रा १६ च भरतात.

आता ‘नमूं शारदा मूळ चत्वार वाचा’ हा चरण घे. बोलण्यात आपण ‘शार-दा’, ‘मूळ्’, ‘चत्-वार’ असं म्हणतो. तसे उच्चार मोजलेस तर नऊच भरतील. वृत्तात मात्र लिहिलेला प्रत्येक ‘अ’ पूर्ण म्हणायचा: शा-र-दा, मू-ळ, च-त्वा-र. अक्षरं सुटी करून खाली खुणा केल्या की असं दिसतं:

न मूं शा । र दा मू । ळ च त्वा । र वा चा
ल गा गा । ल गा गा । ल गा गा । ल गा गा

गणांच्या उभ्या रेघा शब्दांच्या मधूनच जातात. ‘मूळ’चा ‘मू’ एका गणात आणि ‘ळ’ पुढच्या गणात. म्हणून आधी बाराही अक्षरांखाली खुणा करायच्या आणि रेघा मागाहून मारायच्या. आधी रेघा मारल्या तर पेन्सिल आपोआप हवं तेच लिहू लागते.

इथे ‘च’ ऱ्हस्व असूनही गुरु झाला, कारण पुढच्या ‘त्वा’चा आघात त्याच्यावर येतो. जोडाक्षर आहे म्हणून ते स्वतः गुरु होत नाही, ते मागच्या अक्षराला गुरु करतं. हे पक्कं धर. ‘पाविजेतो स्वभावें’मधला ‘स्व’ लघुच आहे आणि ‘प्रभाते मनीं’ची सुरुवात करणारा ‘प्र’सुद्धा लघु आहे. तुझ्या कागदावर ‘स्व’खाली गुरूची खूण आहे, ती आधी खोड. ‘जनीं’, ‘तें’ यांवरच्या अनुस्वारांनी काही बदलत नाही. ते स्वर मुळात दीर्घच आहेत.

आता तुझा अडलेला चरण. ‘जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें’:

ज नीं निं । द्य तें स । र्व सो डू । नि द्या वें

‘नि’पुढे ‘द्या’ हे जोडाक्षर आलं, म्हणून तू ‘नि’ गुरु धरलास आणि मात्रा २१ झाल्या. संस्कृत श्लोक असता तर तुझं बरोबर होतं. तिथे जोडाक्षर पुढच्या शब्दाच्या आरंभी असलं तरी मागचं अक्षर गुरु होतं. मराठीत मात्र आघात कानाने ठरवायचा. ‘सत्य’ म्हणताना ‘सत्-त्य’ असा ‘स’वर भार येतो. ‘तुम्ही’ म्हणताना ‘तुम्-म्ही’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून ‘तु’ लघु. तसंच ‘सोडूनिद् द्यावें’ असा उच्चार आपण करत नाही. ‘नि’ हलकाच सुटतो, लघु राहतो आणि २० मात्रा भरतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या गावाच्या नावातच आहे. ‘पुण्याचा रस्ता’ म्हणताना ‘पु’ लघु असतो. ‘पुण्याचा साठा’ म्हणताना, म्हणजे पाप-पुण्यातलं पुण्य असेल तर, तोच ‘पु’ गुरु होतो. लिहायला अक्षरं तीच आहेत, फक्त आघात वेगळा आहे. दिवा आणि दिव्य या दोघांच्या ‘दिव्यांनी’ या रूपाचंही तसंच. डोळ्यांनी खुणा करत गेलं तर हा फरक सापडत नाही. शब्द मोठ्याने म्हणावाच लागतो.

यात एक धोका आहे. वृत्ताला लघु हवा म्हणून आघात नाही, गुरु हवा म्हणून आघात आहे, असं दर वेळी ठरवत गेलास तर कुठलीही ओळ कुठल्याही वृत्तात बसवता येईल. म्हणून शंकेच्या अक्षराखाली प्रश्नचिन्ह ठेव. बाकीच्या अक्षरांवरून आणि उरलेल्या तीन चरणांवरून वृत्त ठरव, मगच प्रश्नचिन्हाकडे परत ये. या श्लोकात बाकी सगळं निर्विवाद ‘लगागा’ आहे, त्यामुळे एका ‘नि’चा निकाल लावायला अडचण पडत नाही. संस्कृत वळणाने लिहिणाऱ्या पंडित कवींच्या ओळीत मात्र दोन शब्दांमधलाही आघात धरलेला असू शकतो. तिथे मराठी उच्चाराचाच हट्ट धरू नकोस.

वृत्तासाठी कवी ऱ्हस्व-दीर्घ बदलतो, तेही बघून ठेव. ‘गमूं पंथ आनंत या राघवाचा’ यात ‘अनंत’चं ‘आनंत’ झालं आहे. गण आहे ‘थ आ नं’. मधलं अक्षर गुरु हवं आणि ‘अ’ने ते साधत नाही. त्याच श्लोकात ‘मूळ’चा ‘मू’ उलट आखडला आहे: ‘मुळारंभ’, कारण चरणाचं पहिलं अक्षर लघु हवं.

म्हणूनच कुठली प्रत घ्यावी हा तुझा प्रश्न महत्त्वाचा आहे. अप्पा बळवंत चौकात मनाच्या श्लोकांच्या कितीतरी छोट्या पुस्तिका मिळतात. घेण्याआधी दुसरा श्लोक उघड आणि ‘भक्तिपंथेचि जावें’ व ‘सोडूनि द्यावें’ हे दोन शब्दसमूह पाहा. तिथे ‘पंथेची’ किंवा ‘सोडुनी’ छापलं असेल तर ती प्रत खुणा करायला घेऊ नकोस. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे हा आजच्या गद्याचा नियम आहे. तो इथे लावला की ‘चि जा वें’चं ‘ची जा वें’ होतं आणि गण ‘लगागा’चा ‘गागागा’ बनतो. ‘सोडुनी’मध्ये तर दोन अक्षरं उलटतात: जिथे गुरु हवा तिथे ‘डु’ आणि जिथे लघु हवा तिथे ‘नी’. खरं तर केशवसुतांच्या आधीचं पद्य मूळाप्रमाणेच छापावं, असं मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच सांगितलं आहे. नजरचुकीने ते सुटतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कवीचं वृत्त चुकलं.

पुढच्या कागदावर ‘प्रभाते मनीं राम चिंतीत जावा’ या श्लोकाचे चारही चरण खुणा करून पाठव. प्रत्येक चरणापुढे अक्षरं आणि मात्रा, दोन्ही आकडे लिही, आणि प्रश्नचिन्हं खोडू नकोस. तू कुठे अडखळलास ते मला त्यांच्यावरूनच कळेल.

तुझा,
माधव