क्लेम रिजेक्ट झाला तर नोटीस नीट लिहा, राग नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य विम्याचे क्लेम नाकारल्याच्या तक्रारी तुमच्या पेपरात नेहमी येतात, पण ग्राहक आयोगात जायच्या आधी कंपनीला जी नोटीस द्यायची तिच्यात नक्की काय लिहायचं हे कुठेच सापडत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या घरात हे नुकतंच झालंय आणि पहिली नोटीस मी चुकीची लिहिली होती. ती पाठवली असती तर केस तिथेच कमकुवत झाली असती.

आईची पॉलिसी १२ जून २०२१ ची, दरवर्षी वेळेवर रिन्यू केलेली, एकही खंड नाही. ३ मार्च २०२५ ला मध्यरात्री तिच्या पोटात असह्य दुखायला लागलं, अॅडमिट केलं, पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि ७ तारखेला घरी आणलं. बिल १,४२,६०० रुपये. कॅशलेस मिळालं नाही म्हणून आम्ही पैसे भरले आणि २६ मार्चला क्लेमची फाइल दिली. २२ मे ला पत्र आलं की तुम्हाला पॉलिसी घेण्याआधीपासून हाय बीपी होतं, ते प्रपोजल फॉर्ममध्ये लपवलं, त्यामुळे क्लेम नामंजूर आणि पॉलिसीही रद्द करत आहोत.

आईच्या बीपीच्या गोळ्या फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यात, पहिलं प्रिस्क्रिप्शन घरात आहे. मग कंपनीला हे कुठून कळलं? आम्ही हॉस्पिटलकडे इनडोअर केस पेपरची कॉपी लेखी मागितली (मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे खूप जणांना माहीतच नसतं) तर त्यात अॅडमिशनच्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरने लिहिलेली एक ओळ निघाली, "बीपी ५ वर्षांपासून". भावाला विचारलं तर म्हणाला, आई कळवळत होती, कोणीतरी विचारलं किती वर्षं झाली, मी अंदाजाने काहीतरी सांगितलं. मार्च २०२५ मधून पाच वर्षं मागे गेलं की मार्च २०२० येतं, म्हणजे पॉलिसीच्या सव्वा वर्ष आधी. कंपनीचं सगळं रिजेक्शन या एका ओळीवर उभं होतं, दुसरा कागद त्यांच्याकडे काहीच नाही.

माझी पहिली नोटीस चार पानी होती. त्यात कंपनीने कसं फसवलं, आईला किती त्रास झाला, जाहिरातीत काय सांगतात, सगळं होतं, फक्त तारखा नव्हत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी लिहून बसले होते की "आईला आधी थोडंफार बीपी असलं तरी त्याचा पित्ताशयाशी काय संबंध". ओळखीच्या एका वकील ताईंनी ते वाक्य वाचून पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अगं हे तर तू कबूल केलंस, उद्या कंपनी तुझीच नोटीस आयोगापुढे ठेवेल. तुमचं म्हणणं "बीपी नंतर सुरू झालं" असं आहे ना, मग आधी तेच, पुराव्यासकट, आणि संबंध नसल्याचा मुद्दा त्याच्या खाली, वेगळा, "याला बाधा न येता" असं लिहून.

तो दुसरा मुद्दा अगदी पोकळ नाहीये. सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या सुलभा मोटेगावकर प्रकरणात सांगितलं होतं की विमाधारकाने मणक्याचा त्रास सांगितला नव्हता पण मृत्यू हृदयविकाराने झाला, त्यामुळे क्लेम नाकारता येणार नाही. पण विरुद्ध बाजूचे निकालही आहेत, फॉर्ममध्ये विचारलेली गोष्ट लपवली की ती महत्त्वाचीच धरायची असं म्हणणारे, त्यामुळे ज्यांनी खरंच आधीचा आजार लपवलाय त्यांनी निव्वळ या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये. आणखी एक, सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे, पण आमचे पावणेचार वर्षंच झाले होते, म्हणून तो आम्ही लिहिलाच नाही. लागू नसलेला नियम टाकला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

मग ताईंनी बसून नोटीस पुन्हा लिहून घेतली, दोन पानं झाली. पाठवणारी आई, तिच्याच सहीने, कारण पॉलिसी तिची. (वकिलाचं लेटरहेड लागतंच असं नाही, आणि खरं तर ग्राहक कायद्यात आधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्तीही नाही, पण दिली की कंपनीला संधी दिली होती हे आयोगापुढे दिसतं आणि कंपनीला लेखी काहीतरी बोलावं लागतं.) पत्ता कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसचा आणि जिथून पॉलिसी दिली त्या ब्रँचचा, कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला फक्त कॉपी, कारण करार विमा कंपनीशी आहे, टीपीए मधला माणूस. स्पीड पोस्टने पाठवली, तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलही केला, आणि पोच मिळाल्याचं ट्रॅकिंगचं पान त्याच दिवशी प्रिंट काढून ठेवलं.

सुरुवातीला नुसत्या घटना, तारखेने. पॉलिसी कधी, अॅडमिट कधी, डिस्चार्ज कधी, फाइल कधी दिली, कंपनीने काय विचारलं, आम्ही कधी उत्तर दिलं, रिजेक्शन कधी, त्यावर कंपनीकडे केलेल्या तक्रारीला २० जूनला काय उत्तर आलं. विशेषण एकही नाही. मग रिजेक्शनच्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याच्याखाली आमचं उत्तर, जे साधारण असं होतं: "आपण ज्या नोंदीवर विसंबून आहात ती अॅडमिशनच्या वेळी नातेवाइकाने तोंडी सांगितलेल्या अंदाजावर आहे. मला हायपरटेन्शनचं निदान पहिल्यांदा फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं, प्रिस्क्रिप्शन सोबत जोडलं आहे. ऑगस्ट २०२२ च्या हेल्थ चेकअपमध्ये माझं बीपी १२४/८० होतं, रिपोर्ट सोबत आहे. प्रपोजल फॉर्मच्या तारखेआधी मला हा आजार असल्याचा किंवा त्यावर उपचार घेतल्याचा एकही कागद आपल्याकडे असल्यास त्याची प्रत द्यावी." हे शेवटचं वाक्य ताईंनी मुद्दाम घातलं, कारण आजार लपवला हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे. प्रपोजल फॉर्मची कॉपी आणि त्यांच्या इन्व्हेस्टिगेटरचा रिपोर्टही मागितला.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेटही जोडलं, की पाच वर्षांची नोंद नातेवाइकाच्या सांगण्यावरून आहे, हॉस्पिटलकडे तिचा दुसरा आधार नाही. इथे एक सांगते, मूळ केस पेपरवर खाडाखोड करून वर्षं बदलून घ्यायचा मोह होतो, आमच्या भावाला झाला होता. अजिबात करू नका. कंपनीकडे मूळ कागदाची कॉपी आधीच गेलेली असते, दोन वेगवेगळे केस पेपर समोर आले की खरा माणूसही खोटा ठरतो. वेगळं सर्टिफिकेट, आजच्या तारखेचं, एवढंच.

मग मागण्या. लोक इथे फक्त "क्लेम द्या आणि नुकसानभरपाई द्या" लिहितात. आम्ही बिलातून ग्लोव्हज, अॅडमिशन किट वगैरे पॉलिसीत न बसणारे ६,३०० रुपये स्वतःच वजा केले आणि १,३६,३०० मागितले, म्हणजे आकड्यावर वाद घालायला जागाच उरली नाही. त्यावर रिजेक्शनच्या तारखेपासून ९ टक्के व्याज, आयोग किती देईल ते त्यांच्या हातात. मानसिक त्रासाचे ५०,०००, नोटिशीचा खर्च ५,०००. आणि जी मागणी मी पार विसरले होते ती म्हणजे रद्द केलेली पॉलिसी पूर्वीच्या सगळ्या लाभांसकट चालू करा. पैसे मिळाले आणि पॉलिसी गेली तर आईला या वयात बीपी आणि ऑपरेशनच्या इतिहासासकट नवी पॉलिसी कोण देणार, आणि दिली तरी वेटिंग पिरियड पहिल्यापासून. शेवटी उत्तराला १५ दिवस, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, एवढंच.

१४ जुलैला नोटीस गेली, १ ऑगस्टला उत्तर आलं. त्यात बीपीबद्दल दोनच ओळी, कुठलाही नवा कागद नाही, पण एक नवीनच कारण, की क्लेमची फाइल डिस्चार्जनंतर १५ दिवसांत द्यायची होती, तुम्ही १९ दिवसांनी दिली. मी घाबरले, कारण हे खरं होतं. ताई मात्र खूश झाल्या. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये गलाडा पॉवरच्या निकालात हेच सांगितलंय की कंपनीने उशिराचा मुद्दा न काढता दुसऱ्याच कारणाने क्लेम नाकारला असेल तर नंतर उशिराचा मुद्दा उकरून काढता येत नाही, तो हक्क तिने सोडलेला असतो. म्हणूनच रिजेक्शनचं मूळ पत्र जपून ठेवायचं आणि नोटिशीत त्यातलं वाक्य तसंच्या तसं उतरवायचं. कंपनी कुठल्या कारणावर उभी होती हे त्याने पक्कं होतं.

मुदतीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. तक्रार करायला दोन वर्षं असतात, आमची मोजणी २२ मे २०२५ च्या पत्रापासून. नोटीस दिली, ईमेल केले, कंपनीने "विचार करतो" म्हटलं, म्हणून ती मुदत थांबत नाही की नव्याने सुरू होत नाही. विमा लोकपालाकडे जायचं तर तिथे कंपनीच्या नकारापासून एकच वर्ष असतं आणि फी नसते, पण एकदा ग्राहक आयोगात केस टाकली की लोकपाल तीच तक्रार घेत नाही, त्यामुळे हे आधी ठरवा. आम्ही आयोग निवडला कारण पॉलिसी परत चालू करायची होती आणि त्रासाची भरपाईही हवी होती.

२ सप्टेंबरला ई-जागृती पोर्टलवरून आईच्या नावाने तक्रार दाखल केली, आम्ही राहतो त्याच जिल्ह्यात, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. फी शून्य, कारण ती क्लेमवर नाही तर भरलेल्या प्रीमियमवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रारीचा मजकूर जवळजवळ नोटिशीचाच आहे, फक्त १ ऑगस्टच्या उत्तराचा एक परिच्छेद वाढला. आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे आयोगालाही वाढवता येत नाहीत, आणि आम्ही सध्या तेच दिवस मोजतोय.

आपली,
एक नियमित वाचक