24 तास थांबायचा नियम आणि रविवारचा हिशोब

आई, बाबा,

नमस्कार. जूनमध्ये तुमच्याकडून जे 8,000 घेतले होते त्यातले 5,000 काल बाबांच्या खात्यात टाकले, मेसेज आला असेल. बाबा, तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की "पगार तर वेळेवर होतो, मग जातो खंय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून फोनवर न सांगता नीट लिहितोय.

पैसे मोठ्या गोष्टीत जात नव्हते. रात्री जेवण झालं की पलंगावर पडून फोन बघायचा आणि तिथेच काहीतरी घ्यायचं, असं चाललं होतं. म्हणून तुमच्या सुनेने आणि मी ठरवलं की 500 च्या वरची, आधी यादीत नसलेली कुठलीही वस्तू दिसल्यादिसल्या घ्यायची नाही, 24 तास थांबायचं. औषधं, गॅस, स्कूटरचं पंक्चर वगैरे यातून बाहेर. फ्रिजवर एक वही टांगली आहे, तिच्यात वस्तू, किंमत, तारीख आणि वेळ लिहायची आणि "घरात कुठे ठेवणार" हेही. हा शेवटचा प्रश्न सुनेने घातला आणि अर्ध्या वस्तू तिथेच अडकतात.

एक उदाहरण सांगतो. जुलैच्या शेवटी रात्री साडेदहाला एअर फ्रायर दिसला, 6,499 ला, खाली लाल घड्याळ उलटं पळतंय, दोन तासांत ऑफर संपणार, आणि "नो कॉस्ट ईएमआय" सहा महिने. पूर्वी मी तिथेच दाबलं असतं. यावेळी वहीत लिहिलं आणि कार्टमधूनही काढून टाकला, कारण वस्तू कार्टमध्ये राहिली की "तुमची वस्तू वाट बघतेय" असले मेसेज येत राहतात, मग थांबण्याला अर्थच उरत नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तीच किंमत आणि घड्याळ परत दोन तासांवर! अशी खोटी घाई करायला लावणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे, सरकारने 2023 मध्ये अशा 13 प्रकारांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे, तरी ते दिसतातच. मग ईएमआयचं बारीक अक्षर वाचलं. प्रोसेसिंग फी 199, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ 235 रुपये, शिवाय दुकानदार व्याजाएवढी सूट देतो पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. आणि ओट्यावर जागा? मिक्सर हलवल्याशिवाय नाही. खोडला.

पाच आठवड्यांत वहीत 14 नोंदी झाल्या, 9 खोडल्या, 5 घेतल्या. घेतलेल्यांत पावसाचा जॅकेट आहे, त्याची किंमत थांबल्यामुळे 300 ने वाढली होती, हे खरं आहे, असं कधी कधी होणार. पण 9 वस्तूंच्या पुढे ते 300 मला जड वाटले नाहीत.

तरी या नियमात एक भोक आहे, ते रविवारी सापडलं. रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं 20 मिनिटं बसतो, फोनमधली यूपीआयची हिस्ट्री उघडतो आणि आठवड्याचे सगळे व्यवहार वाचतो, एकजण वाचतो, दुसरा वहीत लिहितो. पहिल्याच रविवारी सुटे खर्च 4,310 निघाले आणि त्यातलं एकही 500 च्या वर नव्हतं! तीन वेळा तर 40 रुपयांची डिलिव्हरी वाचवायला 99 चं फरसाण जोडलेलं. 24 तासांचा नियम हे पकडूच शकत नाही, म्हणून सुट्या खर्चाला आठवड्याला 2,000 ठरवले, बुधवारीच संपले तर रविवारपर्यंत बाकी काही नाही. गेल्या आठवड्यात 1,850 झाले.

भांडण होऊ नये म्हणून एकच ठरवलंय, "हे का घेतलंस" असं विचारायचं नाही, "हे पुन्हा घेशील का" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाने दोन रविवार तोंडं फुगली होती, आणि मग मी पेमेंट लपवायलाही लागलो होतो. हिशोब बंद पडतो तो असा.

आई, तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारायचीस आणि मी कंटाळायचो, ते आठवतं मला हल्ली वही लिहिताना. चवथीचं सामान, माटोळीसकट, यादीत आधीच लिहिलंय, त्याला 24 तास नाहीत. अजून काही लागणार असेल तर शनिवारपर्यंत सांगा, म्हणजे रविवारी बसू तेव्हा धरता येईल. उरलेले 3,000 पुढच्या पगाराला.

तुमचा,
बाबू